पगार जातो तरी कुठे?

कांद्याला एकरी खर्च किती येतो, हे मला कोणी झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. नांगरट, वाफे, रोप, लागवडीची मजुरी, खते, फवारणी, खुरपणी, काढणी, मग गोणी, गाडीभाडे, हमाली, तोलाई. पंचायत समितीच्या नोकरीत गावोगाव फिरून हाच तक्ता मी फळ्यावर लिहीत आलो. पण घरात आलेला पगार कोणत्या वाटेने बाहेर जातो, याचा तक्ता काही मी कधी मांडला नव्हता. तो मांडावा लागला भाच्यापायी.

माझी थोरली बहीण खेड तालुक्यात भामा नदीच्या काठच्या एका गावात दिलेली आहे. दाजींची तीन एकर जमीन, दोन म्हशी, आणि मुलगा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. हातात १८,६०० रुपये पडतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आक्काचा फोन आला. "अरे, एकदा येऊन जा. बापलेकाचं बोलणं बंद झालंय."

गेलो. गोष्ट अशी होती की, एक एकर रब्बी कांद्याची लागवड तोंडावर आलेली. रोप तयार, पण मजुरी आणि पहिल्या खताला पंधरा हजार रुपये हवे होते. दाजींनी मुलाकडे निदान पाच हजार तरी मागितले. तो म्हणाला, माझ्याकडे काही उरत नाही. दाजींनी त्याचा मोबाइल हातात घेऊन पैशांच्या नोंदी वर-खाली करून पाहिल्या, तर एका बाईचे नाव पुन्हा पुन्हा दिसले. कधी वीस रुपये, कधी ऐंशी, कधी शंभर. महिन्यात चौतीस वेळा! त्या रात्री घरात काय झाले असेल, ते सांगायला नको.

भाचा मला एकट्याला गाठून म्हणाला, "मामा, शप्पथ सांगतो, या नावाची कोणी बाई मला ठाऊक नाही."

मी म्हणालो, "ठाऊक नाही तर चौतीस वेळा पैसे कसे गेले? उद्या सुट्टी आहे ना, बसू या."

मोबाइलवरून पैसे देण्याची ही यूपीआयची पद्धत २०१६ मध्ये सुरू झाली. खिशातून नोट काढताना हाताला जो अडखळा होतो, तो हिच्यात नाही. पण एक गोष्ट तिच्या बाजूची आहे. रोख खर्चाची नोंद आपण ठेवली तरच राहते, हिची नोंद आपण काही न करता राहते. गडी वही लिहूनच ठेवतो, वाचायला मात्र कोणी बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले काम केले ते बँकेचा उतारा काढण्याचे. भाचा म्हणाला, "मामा, उतारा कशाला? सगळं अ‍ॅपमध्येच दिसतंय की." पण त्याच्या मोबाइलमध्ये पैसे देण्याची दोन अ‍ॅप होती, आणि प्रत्येक अ‍ॅप आपापल्यातून गेलेलेच पैसे दाखवते. शिवाय गाडीचा हप्ता बँक परस्पर कापून घेते, एटीएममधून रोख काढली जाते, ते कोणत्याच अ‍ॅपच्या यादीत नसते. खाते एकच असेल, तर त्यातून गेलेला प्रत्येक रुपया बँकेच्या उताऱ्यात येतो. म्हणून पूर्ण यादीसाठी बँकेचा उतारा, आणि वेळ व नाव पाहण्यासाठी अ‍ॅप, असा दोघांचा उपयोग करावा.

त्याने बँकेच्या अ‍ॅपमधून उतारा मागवला. महिना कोणता घ्यायचा, यावर थोडा विचार केला. पगार ७ तारखेला होतो, म्हणून ७ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर असा पगार ते पगार महिना धरला. एक तारखेपासून धरला असता, तर मागच्या पगाराचे शेपूट आणि नव्या पगाराचे डोके एकत्र आले असते. उताऱ्याची फाईल उघडायला पासवर्ड लागतो, तो कसा तयार करायचा हे बँकेने त्या संदेशातच लिहिलेले असते. गावच्या सेवा केंद्रात जाऊन पाच पाने छापून आणली. ज्यांच्याकडे बँकेचे अ‍ॅप नाही, त्यांना शाखेत उतारा मिळतो, नाहीतर पासबुक छापून घेतले तरी काम चालते.

पाने पाहून आक्का म्हणाली, "हे कुणाला वाचता येणार?" तिचे खरे होते. प्रत्येक ओळीत UPI, त्याच्यापुढे DR किंवा CR, मग बारा आकड्यांची संख्या, आणि मग नावाची तुटकी अक्षरे. यातल्या दोनच गोष्टी पाहायच्या. DR म्हणजे नावे, पैसे गेले. CR म्हणजे जमा, पैसे आले. बारा आकडी संख्या ही त्या व्यवहाराची पावती. काही तंटा निघाला तर ती कामाला येते, एरवी तिच्याकडे पाहू नये.

वर्गवारीला हात घालण्याआधी मी मेळ घातला. ७ तारखेच्या सकाळी खात्यात १,६४० रुपये होते. महिन्यात जमा झाले २०,१००, म्हणजे पगार आणि एका मित्राने परत केलेले १,५००. गेलेल्या सगळ्या नोंदींची बेरीज २१,५४८. वजाबाकी केली तर १९२ रुपये उरायला हवेत, आणि उताऱ्याच्या शेवटी १९२ च होते. हा मेळ बसला नाही तर पुढे जाऊ नये. कुठेतरी पान सुटलेले असते, नाहीतर बेरीज चुकलेली असते.

आणखी एक काम करून घेतले. मोजण्यापूर्वी भाच्याला त्याचा अंदाज वहीत लिहायला लावला. पेट्रोल अडीच हजार, मोबाइल साडेतीनशे, चहा-नाश्ता पाचसहाशे, असे त्याने लिहिले. हा कागद मी बाजूला ठेवला.

आता चाकणच्या महात्मा फुले बाजारात कांदा विकायला नेण्यापूर्वी आपण घरी काय करतो? ढीग तसाच गोणीत भरीत नाही. आधी सडका आणि डेंगळा काढून टाकतो, मग मोठा, मध्यम, गोल्टी अशी निवड करतो. पैशांच्या नोंदींचेही तसेच आहे. ढिगात जे खर्चच नाही, ते आधी बाहेर काढले पाहिजे. नवशिका माणूस चुकतो तो इथे, आणि दाजीही इथेच चुकले होते.

गेलेल्या २१,५४८ रुपयांत ४,००० भाच्याने दाजींच्याच खात्यावर घरखर्चाला पाठवले होते. ते मुलाच्या खात्यातून गेले खरे, पण घरातून गेले नाहीत. उद्या दाजींच्या खात्याचा हिशेब मांडला, तर तेच चार हजार किराणा आणि पेंड म्हणून दुसऱ्यांदा मोजले जातील. मग ३,२०० रुपये पाच वेळा मित्रांना हातउसने दिलेले. तेही खर्च नव्हे, येणे आहे, आणि त्यातलेच दीड हजार परत आलेले. ते परत आलेले पैसे उत्पन्नात धरू नयेत, हे ओघाने आलेच. १,००० रुपये एटीएममधून रोख काढलेले. ते कुठे गेले हे उतारा सांगू शकत नाही, म्हणून त्यांचा 'रोख' असा वेगळा ढीग. आणि चार नोंदी पाचशे-पाचशेच्या, एकूण २,०००, ज्यांच्यापुढे UPI LITE असे लिहिलेले. त्यांच्याविषयी पुढे सांगतो, कारण खरी भानगड तिथे होती.

हे सगळे मिळून १०,२०० झाले. म्हणजे निम्म्याला थोडी कमी रक्कम खर्च म्हणून मोजायचीच नव्हती. दाजी हे पाहून थोडे नरम झाले. "एवढे पैसे उडवले" म्हणून ते जो आकडा घेऊन बसले होते, त्यात त्यांच्याच खात्यावर आलेले चार हजार होते.

उरले ११,३४८. त्यांची निवड करायची. माझी पहिली चूक इथे झाली. सरकारी तक्त्याची सवय, म्हणून मी सतरा रकाने आखले. चहा वेगळा, वडापाव वेगळा, थंड पेय वेगळे, गाडीचे तेल वेगळे. अर्ध्या तासात दोघांचेही डोके फिरले. भाचा म्हणाला, "मामा, एकाच माणसाला दिलेल्या तीस रुपयांत चहा किती आणि बिस्किट किती, हे मला आता कसं आठवेल?" बरोबरच होते. उतारा माणूस सांगतो, वस्तू सांगत नाही. म्हणून रकाने वस्तूंचे न करता जागेचे केले. कारखान्याच्या फाटकापाशी दिलेले सगळे एकात, पेट्रोल पंप एकात, मोबाइल एकात, हप्ता एकात, दवाखाना-हजामत-खरेदी एकात. असे सहा-सात ढीग पुरेसे होतात. प्रत्येक नोंदीच्या समासात एक अक्षर लिहायचे, पेट्रोलला 'प', हप्त्याला 'ह', फाटकावरच्या चहा-नाश्त्याला 'च', आणि ओळख पटली नाही तिथे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हापाशी अडून बसायचे नाही, पुढे जायचे.

त्या बाईच्या नावाला तूर्त प्रश्नचिन्हच दिले.

दुपारची जेवणे झाल्यावर आम्ही अ‍ॅप उघडून त्या चौतीस नोंदींच्या वेळा पाहिल्या. संध्याकाळी साडेसहा, रात्री साडेअकरा, पुन्हा साडेसहा, साडेअकरा. भाचा एकदम हसायलाच लागला. "मामा, ही तर चहाची गाडी! फाटकासमोरची!" गाडीवर पाटी आहे गणपतीच्या नावाची, चहा देतो तो पुरुष, पण पैसे घेण्याचा चौकोनी शिक्का ज्या खात्याचा आहे ते खाते त्याच्या बायकोचे. शिक्क्यावर पैसे टाकले की दुकानाचे नव्हे, खातेदाराचे नाव उमटते. टपऱ्या, भाजीवाले, पंक्चरवाले यांच्या बाबतीत हे सर्रास होते. म्हणून ओळखीचे नाव दिसले नाही तर आधी वेळ पाहावी, रक्कम पाहावी, आणि त्या वेळी आपण कुठे होतो ते आठवावे. आक्काने पदर तोंडाला लावला. दाजी उठून म्हशीला पाणी पाजायला गेले.

एवढा उलगडा झाल्यावर बेरजा भराभर झाल्या. गाडीचा हप्ता २,८६०. पेट्रोल १,८५०, म्हणजे त्याच्या अंदाजापेक्षा कमीच. मोबाइल ४९८, कारण मूळ रिचार्जवर महिन्यात सहा वेळा जादा डेटाचे छोटे पॅक मारलेले. आणि फाटकावरचा चहा-नाश्ता, पाचसहाशेच्या अंदाजाचा, निघाला २,७९०. नोंदी ७१. एवढे सांगितल्यावर भाचा गप्प झाला.

रकमेबरोबर नोंदींची संख्या लिहावी असा माझा आग्रह होता, त्याचे कारण हेच. हप्ता मोठा, पण नोंद एक. तो डोळ्यांत भरतो, सलतो, आणि आपण त्यालाच दोष देतो. चहाची नोंद वीस रुपयांची, ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. मोटार पूर्ण दाबाने चालू आहे, पाटाला पाणी दिसते आहे, तरी शेवटचा वाफा भिजत नाही, तेव्हा आपण पाटाच्या कडेने चालत जातो आणि खेकड्याची बिळे शोधतो. एकेका बिळातून जाते ते चूळभर, पण बिळे किती, त्यावर वाफा सुकतो की भिजतो हे ठरते.

आता त्या लाइटच्या दोन हजारांविषयी. यूपीआय लाइट म्हणजे मोबाइलमधला लहान बटवा. खात्यातून त्यात थोडे पैसे भरून ठेवायचे, आणि बारीकसारीक देणी पिन न घालता त्यातून द्यायची. एका वेळी हजार रुपयांपर्यंत देता येतात, बटव्यात पाच हजारांपर्यंत ठेवता येतात. सोय चांगली आहे, बँकेच्या पासबुकाची पाने भरत नाहीत. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की बँकेच्या उताऱ्यात फक्त बटव्यात पैसे भरल्याची नोंद येते, बटव्यातून ते कोणाला गेले हे येत नाही. भाच्याने तर शिल्लक कमी झाली की आपोआप पाचशे भरले जावेत अशी सोय करून ठेवली होती. महिन्याच्या सुरुवातीला बटवा रिकामा, आणि महिन्यात चार वेळा भरलेला.

मी म्हणालो, "लाइटच्या नोंदी अ‍ॅपमध्ये असतील, त्या काढ."

तो जरा घुटमळला. मग दाजी गोठ्याकडे आहेत असे पाहून त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. ५८ नोंदी होत्या. त्यांतल्या ३७ पानटपरीच्या, एकूण १,११० रुपये. २१ चहा-वड्याच्या, ७१० रुपये. १८० बटव्यात शिल्लक.

"आईला सांगू नका," तो म्हणाला.

मी आक्काला सांगितले नाही. पण वहीत ढीग वेगळा काढला, त्याला नाव न देता 'ट' लिहिले, आणि आकडा मात्र खरा लिहिला. घरातल्या माणसाने लाजेपोटी एखादा ढीग दुसऱ्यात मिसळला, तर पुढच्या महिन्यात काय कमी झाले हे त्यालाही कळत नाही. ढिगाचे नाव झाकले तरी चालेल, पण आकडा झाकू नये. (आक्काला 'ट' म्हणजे काय ते दुसऱ्याच दिवशी कळले. आयाच त्या.)

चहा-नाश्त्यात लाइटमधले ७१० मिळवले, तर ३,५०० झाले. टपरी १,११०. दोन्ही मिळून ४,६१० रुपये, १२९ नोंदींत. पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा. पंधरा दिवस बोलणी बंद करणारा पैसा तो हा, आणि तो कोणा बाईकडे गेला नव्हता, की पत्त्यांत गेला नव्हता.

इथेच थांबलो असतो, तर दाजींना मुलाला बोलायला नवे कारण मिळाले असते, एवढेच. पण पिकावर रोग दिसला की आपण पान उलटून पाहतो. म्हणून त्या १२९ नोंदी आम्ही पाळीप्रमाणे लावून पाहिल्या. भाच्याला एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. १२९ पैकी ८८ नोंदी दुसऱ्या पाळीच्या दोन आठवड्यांतल्या निघाल्या. दुसरी पाळी दुपारी सुरू होते, डबा संध्याकाळी खाऊन संपतो, आणि पाळी सुटते रात्री साडेअकराला. पुढे सतरा किलोमीटर गाडी चालवत घरी यायचे. तेव्हा पोटात भूक असते, समोर गरम वडा असतो, आणि हातात मोबाइल असतो. आक्का हे ऐकून म्हणाली, "मग मला का नाही सांगितलंस? दोन भाकरी जास्त बांधून दिल्या असत्या." मुलगा म्हणाला, "गार भाकरी रात्री नको वाटते." यावर मायलेकांचे जे बोलणे झाले ते मी लिहून घेतले नाही, पण शेवटी शेंगदाण्याची चटणी आणि चपातीची गुंडाळी यावर तह झाला.

दुसरे एक पान उलटल्यावर दिसले. बँकेच्या उताऱ्यातल्या ७१ नोंदींत १९ नोंदी साठ रुपयांच्या वरच्या होत्या, त्यांचीच बेरीज १,५२०. एक माणूस एका वेळी एवढे खात नाही. ते चौघांचे पैसे होते. "सगळे आळीपाळीने देतात, मामा." मी म्हटले, देत असतील. पण उताऱ्यात तुझी पाळी दिसते, त्यांची दिसत नाही. त्याने बोटे मोजली आणि कबूल केले की, एकाचे नेट नेमके वडापाव हातात आल्यावर बंद पडते.

आणखी एक लहान ढीग राहिला, तो आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा. तीन नोंदी, १४९, ९९ आणि २९९, मिळून ५४७. पहिली सिनेमा पाहण्याच्या अ‍ॅपची, ती त्याला ठाऊक होती. उरलेल्या दोन पाहून तो चक्रावला. एक रुपयात आठवडाभर पाहा, अशा जाहिरातीवर त्याने कधीतरी पिन घातला होता. त्या पिनने त्याने एक रुपयाच नव्हे, पुढे दरमहा पैसे कापण्याची परवानगीही दिली होती. "पण मामा, ते अ‍ॅप तर मी केव्हाच काढून टाकलं!" अ‍ॅप मोबाइलमधून काढले म्हणून परवानगी रद्द होत नाही. ती पैसे देण्याच्या अ‍ॅपमध्ये Autopay नावाच्या जागी बसलेली असते, तिथे जाऊन, पिन घालून, रद्द करावी लागते. पैसे कापण्याच्या आदल्या दिवशी तसा संदेश येतो, पण दिवसाला तीस संदेश येणाऱ्या मोबाइलवर तो वाचतो कोण? त्याने माझ्यासमोर दोन्ही रद्द केल्या. पाच मिनिटांचे काम. फक्त एक लक्षात ठेवावे. विम्याचा किंवा कर्जाचा हप्ताही त्याच यादीत असू शकतो, म्हणून नाव वाचल्याशिवाय कोणतीही परवानगी रद्द करू नये.

प्रश्नचिन्हाच्या नऊ नोंदी शेवटी राहिल्या, १,०६५ रुपयांच्या. त्यांतल्या तीन पंक्चर आणि गाडीच्या तेलाच्या निघाल्या, ४२० रुपये. दोन नोंदी दाजींनीच सांगून दिलेल्या, ट्रॅक्टरवाल्याच्या डिझेलच्या, ५००. ते घरखर्चात गेले. चार नोंदी, १४५ रुपये, काही केल्या आठवल्या नाहीत. त्या तशाच सोडल्या. महिन्याच्या हिशेबात शंभर-दीडशे रुपये बेवारशी राहिले तर राहू द्यावेत. त्यांच्यामागे लागून लोक संपूर्ण वहीच टाकून देतात, असा माझा पीकखर्चाच्या वह्यांचा जुना अनुभव आहे. पुढच्या वेळेसाठी एक सोपी युक्ती त्याला दाखवली. पैसे देताना रकमेखाली चार शब्द लिहायला जागा असते, तिथे तेच समासातले अक्षर टाकायचे. प, च, घ. अ‍ॅपमध्ये ते नोंदीबरोबर राहते.

आता कांद्याच्या पंधरा हजारांचे काय झाले? या वहीतून ते निघाले नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. खात्यात १९२ रुपये होते, ते वही मांडल्याने वाढत नाहीत. मजुरीचे पैसे शेवटी आक्काच्या बचत गटातून उचलले, आणि खत दुकानदाराकडून उधार आले. मात्र एक झाले. मित्रांकडे अडकलेले १,७०० रुपये भाच्याने पहिल्यांदाच तोंड उघडून मागितले, त्यातले हजार आले, ते लागवडीच्या बायांच्या मजुरीला गेले. आणि दाजींनी रोपाच्या वाफ्यावर मुलाला हाक मारली.

दुसऱ्या महिन्याचा, म्हणजे ७ डिसेंबर ते ६ जानेवारीचा, उतारा भाच्याने स्वतःच छापून आणला. मी रविवारी गेलो तेव्हा समासात अक्षरे टाकून झाली होती. चहा-नाश्ता ३,५०० वरून २,१५० वर आलेला. 'ट' १,११० वरून ६४०. आपोआप जाणारे ५४७ वरून १४९. तिन्ही मिळून २,२१८ रुपये कमी गेले. बचत गटाचा हप्ता त्यातून सुटतो. लाइटचा बटवा त्याने ठेवला आहे, पण आपोआप भरण्याची सोय बंद केली आहे. आता तो दर सोमवारी स्वतः तीनशे भरतो, आणि संपले की संपले.

यातही एक मेख आहे, ती मी त्याला सांगितली. डिसेंबर-जानेवारीत ना दिवाळी, ना लग्नसराई, ना गाडीचा विमा. एका महिन्याच्या उताऱ्यावरून वर्ष ओळखता येत नाही. शेतकऱ्याच्या घरी तर मुळीच नाही. दाजींच्या खात्यात सहा महिने दुधाचे पैसे येतात-जातात आणि एका आठवड्यात कांद्याची पट्टी जमा होते. त्यांचा हिशेब महिन्याचा मांडून उपयोग नाही, लागवड ते पट्टी असा मांडावा लागेल. कांदा निघाल्यावर त्याला बसायचे, असे आमचे ठरले आहे.

मी घरी परतल्यावर माझाही उतारा काढला. त्यात काय निघाले ते सौभाग्यवतींनी इथे लिहू नका असे बजावले आहे, म्हणून एवढेच सांगतो की, एका मासिक वर्गणीचे पैसे माझ्या खात्यातून चौदा महिने जात होते आणि ते मासिक आम्ही कोणी उघडलेही नव्हते.

निघताना दाजी अंगणात उतारा घेऊन बसले होते. चष्मा कपाळावर, बोट ओळीवर. मोजून झाल्यावर मुलाला म्हणाले, "काय रे, चौतीसच्या पंधराच झाल्या. वहिनींची गाडी बंद तर पडणार नाही ना?"